पहिलं सेमिस्टर, जर्मनीतला नोव्हेंबर आणि घरची आठवण

प्रश्न: ताई, मी सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी केम्निट्झला आले. घर सातारा जिल्ह्यात. याआधी कधी घर सोडून राहिले नव्हते, इंजिनिअरिंगसुद्धा रोज एसटीनं ये-जा करून केलं. पहिले काही आठवडे धावपळीत बरे गेले. दिवाळीनंतर मात्र रोज संध्याकाळी रडू येतं. आईला दिवसातून चार-पाच वेळा फोन करते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि ठेवला की जास्तच वाईट. वर्गातली जर्मन मुलं बोलत नाहीत. रविवारी तर मी खोलीबाहेरच पडत नाही. हे आपोआप जातं का? डिसेंबरात तिकीट काढून घरी जाऊन येऊ का? कर्ज काढून आलेय, त्यामुळे बाबांना काही सांगायचं धाडस होत नाही.

उत्तर:

ज्या त्रासाला वेळापत्रक असतं त्याच्यावर काम करता येतं. तुझ्या त्रासाला ते आहे. सकाळी दहाच्या लेक्चरला रडू फुटतं असं तू कुठे लिहिलेलं नाहीस, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते. मी जर्मनीतच एका विद्यापीठाच्या गावात विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे भारतीय मुलं ऑक्टोबरात फारशी येत नाहीत. तेव्हा पत्त्याची नोंदणी, आरोग्य विम्याचं पत्र, गोठवलेल्या खात्यातून दरमहा पैसे सुरू करणं, राहण्याच्या परवान्याचा अर्ज अशी एकामागून एक कामं असतात आणि प्रत्येक काम झालं की जिंकल्यासारखं वाटतं. नोव्हेंबर उजाडतो तेव्हा कामं संपलेली असतात, दिवाळी व्हिडिओ कॉलवर होऊन गेलेली असते, आणि त्याच सुमारास इथे दिवस झपाट्यानं लहान होतो. मुलं यायला लागतात ती तेव्हा.

आपोआप जाण्याबद्दल. परदेशी गेलेल्या माणसाचं मन आधी उत्साहात असतं, मग खाली जातं आणि काही महिन्यांनी वर येतं, अशी एक वक्ररेषा तुला ओरिएंटेशनच्या सत्रात दाखवली असेल. ती आली लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाच्या १९५५ सालच्या लेखातून. त्यानं अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांशी बोलून ती मांडली. पुढे १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पोचल्यापासून वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा सुरुवातीचा तो उत्साह दिसलाच नाही. त्रास सर्वांत जास्त होता तो पोचल्या-पोचल्या. म्हणून त्या रेषेवर बोट ठेवून ‘आता मी इथे आहे, फेब्रुवारीत इथे असेन’ असा हिशेब करू नकोस. बहुतेकांचा त्रास कमी होतो हे खरं आहे. पण तो तारखेमुळे कमी होत नाही. इथल्या आठवड्यात स्वतःच्या अशा काही जागा तयार झाल्या की कमी होतो.

घरच्या आठवणीवर नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या मार्गारेट स्ट्रोबं आणि हेंक शूट यांनी बरंच काम केलं आहे. मूळचे ते शोकाचे अभ्यासक. त्यांच्या मते घरची ओढ हा एक छोटा शोकच असतो आणि तो दोन बाजूंनी चालतो: एक, जे मागे राहिलं त्याची आठवण, दोन, जे समोर आहे त्यात रुळण्याचा ताण. बरा होणारा माणूस या दोन्हींमध्ये ये-जा करत राहतो, कधी तिकडे रमतो, कधी इकडे लागतो. अडकतो तो एकाच बाजूला बसून राहणारा. दिवसभर आईशी फोनवर असणारी मुलगी अडकते, तसाच ‘घरचा विषयच नको’ म्हणून फोन टाळणारा मुलगाही अडकतो. तेव्हा फोन बंद कर असं मी सांगणार नाही. त्याची वेळ बदल, एवढंच सांगेन.

वेळेचा हिशेब बघ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि साताऱ्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं झालं. संध्याकाळी सहाला तू खोलीवर येतेस तेव्हा घरी साडेदहा झालेले असतात. आई झोपेला आलेली असते, तुझा रडवेला आवाज ऐकून तिची झोप उडते, ती अकराला पुन्हा फोन करते, ‘जेवलीस का’ विचारते, तू ‘हो’ म्हणतेस, आणि आता तिच्या काळजीचं ओझंही तुझ्या डोक्यावर येतं. फोन ठेवल्यावर जास्त वाईट वाटतं त्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं की रडू आलं की फोन, फोन केला की तात्पुरता आराम, ही जोडी मनात पक्की बसते. मग रडू ओसरेपर्यंत थांबून बघण्याची संधीच मनाला मिळत नाही. ते ओसरतं. सहसा अर्ध्या तासाच्या आत.

फोन सकाळी कर. इथले साडेसात म्हणजे घरचे दुपारचे बारा. आई जागी असते, तू ताजी असतेस, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तुला बाहेर पडायचं असतं म्हणून फोन आपोआप संपतो. त्या वेळी बोलणंही वेगळं होतं. आई शेजारच्या लग्नाचं सांगते, तू काल लॅबमध्ये काय झालं ते सांगतेस. रविवारी निवांत लांब फोन असू दे, तासभर असला तरी चालेल. संध्याकाळी आठवण अनावर झाली तर आईसाठी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड कर, पण पाठव सकाळी. बऱ्याच मुली सकाळी तो पुसून टाकतात, आणि तेही चांगलंच. फोन उघडा ठेवून घरच्यांच्या देखत स्वयंपाक करायची सवय लागली असेल, तर ती मात्र मोड. तुझी आई साताऱ्यात, तूही मनानं साताऱ्यात, आणि केम्निट्झच्या किचनमध्ये शेजारी येऊन ‘हॅलो’ म्हणून गेला हे तुला कळतही नाही.

आता संध्याकाळकडे येऊ. डिसेंबरात तुमच्याकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत नीट उजाडत नाही. महाराष्ट्रात हिवाळ्यातही अकरा तासांचा दिवस मिळतो, इथे आठ. त्यामुळे येणारी सुस्ती, जास्त झोप, गोड खायची इच्छा हे घरच्या आठवणीत मिसळून जातं आणि सगळंच ‘मला इथे जमत नाही’ असं वाटायला लागतं. यावर साधा उपाय म्हणजे सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान अर्धा तास उघड्यावर चालणं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. खिडकीशी बसून ते साधत नाही. दहा हजार लक्सचे दिवे मिळतात, सकाळी वीस-तीस मिनिटं समोर ठेवायचे. काहींना फायदा होतो. पण आधी चालून बघ, ते फुकट आहे. मनाच्या आजारासाठी पूर्वी कधी औषधं चालू असतील तर दिवा डॉक्टरांना विचारूनच घे.

एका मुलाचं उदाहरण सविस्तर सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चिपळूणकडचा, इलेक्ट्रिकल शिकायला आलेला. तक्रार तुझ्यासारखीच, फक्त तो रडण्याऐवजी संध्याकाळी सहाला पांघरूण घेऊन पडायचा आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल बघायचा. त्याला मी एक वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार वेळा घरची ओढ किती आहे त्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि त्या वेळी तो कुठे होता ते दोन शब्दांत लिहायचं. बाकी काही नाही. दोन आठवड्यांनी वही उघडली तर सकाळी दोन-तीन, संध्याकाळी सात-आठ, रविवारी दिवसभर सहाच्या वर. हे त्याला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते असं की दोन्ही मंगळवारी संध्याकाळी आकडा तीन होता. मंगळवारी त्याचं प्रॅक्टिकल साडेसातपर्यंत चालायचं आणि मग तो गटातल्या दोघांबरोबर ट्रामनं यायचा. मंगळवारी चिपळूण काही जवळ आलेलं नसतं. पण त्या दिवशी अंधार पडताना तो एकटा खोलीत नव्हता.

मग बाकीच्या दिवसांचे मंगळवार करायचे ठरवलं. लेक्चर संपल्यावर खोलीवर जायचंच नाही, डबा जवळ ठेवायचा, ग्रंथालयात साडेसातपर्यंत बसायचं. अभ्यास झाला नाही तरी बसायचं. इंटरनेटवर मराठी बातम्या वाचल्या तरी माझी हरकत नव्हती. घरचा फोन सकाळी. गुरुवारी विद्यापीठाच्या क्रीडाविभागातलं व्हॉलीबॉल. या वर्गांची नोंदणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ऑनलाइन उघडते आणि आवडते खेळ काही मिनिटांत भरतात. त्याची संधी हुकली होती, पण त्यानं प्रशिक्षकाला ई-मेल केला आणि कुणीतरी सोडून गेल्यामुळे जागा मिळाली. नोव्हेंबरात अशा जागा होतात, तूही विचारून बघ.

सगळं जमलं असं नाही. भाषा-देवाणघेवाणीसाठी शोधलेला जर्मन जोडीदार दोन भेटींनंतर गायब झाला. उजेडाचा दिवा विकत घेऊन तो खोक्यातच राहिला. ध्यानाच्या अ‍ॅपनं त्याला उलट जास्त एकटं वाटायचं, म्हणून ते सोडलं. पण नाताळच्या आधी संध्याकाळचा आकडा चार-पाचवर आला होता, आणि चार-पाच असलं की माणूस अभ्यास करू शकतो. पुढच्या वर्षी गणपतीत तो आकडा पुन्हा आठवर गेला आणि आठवड्यानं उतरला. कोकणातल्या मुलाला गणपतीत घर आठवणार नाही, अशी अपेक्षा मी करतच नाही.

तुझी वही तू आजपासून सुरू कर. कमी आकड्याची संध्याकाळ सापडली की तिथे काय वेगळं होतं ते पाहा. ते बहुधा लहान आणि कंटाळवाणं असेल, आणि तेच वाढवायचं.

जर्मन मुलं बोलत नाहीत, याचं उत्तर तुझ्यात शोधू नकोस. मास्टर्सच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी बॅचलर्स तिथेच केलेलं असतं. त्यांचे गट चार वर्षं जुने असतात, आणि शुक्रवारी दुपारी अर्धी मुलं आई-वडिलांकडे गावी जातात. नव्वद मिनिटांचं लेक्चर संपलं की ती निघतात. वर्गाबाहेर कट्ट्यावर रेंगाळायची पद्धत इथे कमी आहे. इथली मैत्री ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा भेटून होते. खेळाचा वर्ग, गायनवृंद, सायकल दुरुस्तीची कार्यशाळा, अभ्यासगट, काहीही. एका ठिकाणी सेमिस्टरभर जायचं. दर आठवड्याला नवीन कार्यक्रमाला जाणारी मुलं शेकडो लोकांना भेटतात आणि मार्चमध्ये ओळख एकाचीही नसते.

विचारण्याची पद्धतही बदलावी लागते. ‘कधीतरी चहाला भेटू’ हे आपल्याकडे आमंत्रण असतं, इथे ते निरोप घेण्याचं वाक्य आहे. त्याऐवजी म्हण, ‘पुढच्या बुधवारी दोन वाजता ग्रंथालयात तिसरी सराव-पत्रिका सोडवायला बसूया का?’ समोरचा डायरी काढेल आणि कदाचित त्यापुढच्या बुधवारचं विचारेल. तो टाळत नाही, दोन आठवड्यांपुढची भेट ठरवणं इथे नेहमीचं आहे. नाही म्हणाला तर ते त्या बुधवारपुरतं. प्राध्यापकाचं दोन ओळींचं रोखठोक उत्तर आलं तरी तो रागावला असं धरू नकोस. त्यानं फक्त उत्तर दिलेलं असतं. माझ्याकडे मुलं अशी ई-मेल प्रिंट काढून आणतात आणि विचारतात, ‘मॅडम, हे वाचून काय वाटतं?’ मला काहीच वाटत नाही, एवढी वर्षं इथे काढल्यामुळे असेल.

आपल्या लोकांत राहावं की नाही, यावर इथे मुलांचे दोन तट असतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. स्टीफन बॉख्नर या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की मायदेशातल्या मित्रांकडे माणूस मनातलं बोलायला जातो, यजमान देशातल्यांकडे अभ्यासाच्या आणि व्यवहाराच्या मदतीसाठी जातो, आणि तिसऱ्या देशांतून आलेल्यांबरोबर फिरतो, मजा करतो. तिघांचं काम वेगळं आहे. म्हणून वसतिगृहातल्या मराठी मुलींबरोबर पिठलं-भात करून खाणं म्हणजे इथे रुळण्यात कमी पडणं नव्हे, ती तुझी पहिली गरज आहे. आणि वर्गातल्या जर्मन मुलीकडून जीवाभावाच्या मैत्रिणीची अपेक्षा पहिल्या सेमिस्टरला करू नकोस. तिच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तरी खूप झालं. तिसरं वर्तुळ बहुतेकजण विसरतात. तुझ्या मजल्यावरची कोलंबियाची किंवा इराणची मुलगी आत्ता नेमकी तुझ्यासारखीच बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिलाही रविवारी काय करायचं ते कळत नसतं. मला विचारशील तर पहिलं आमंत्रण तिला दे.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांबद्दल मात्र सावध राहा. रात्री अकराला तिथे ‘जॉब मिळत नाहीत’, ‘अमुक विषयात सगळे नापास’ असं सुरू होतं. ते रात्री वाचू नकोस.

आमंत्रणासाठी पोहे चांगले. जाडे पोहे भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळतात, वीस मिनिटांत होतात, मिरची कमी घातली की कुणीही खातं. एक सांभाळ: खोलीत धुराचा अलार्म असतो आणि आपली मोहरी-हिंगाची फोडणी त्याला पुरते. फोडणी सामायिक किचनमध्येच कर, खिडकी उघड, खोलीचं दार बंद ठेव. अलार्म वाजून सगळी इमारत खाली उतरल्यावर झालेल्या ओळखी मी ऐकल्या आहेत, पण तो मार्ग सुचवत नाही. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, तेव्हा जेवणं सातला ठेवा.

रविवार. दुकानं बंद, बस कमी, रस्ते रिकामे. आपल्याकडे रविवार म्हणजे माणसांचा दिवस, म्हणून तो अंगावर येतो. त्याला तीन खुंट्या ठोक: सकाळी अकराला बाहेर चालणं, दुपारी घरचा लांब फोन, संध्याकाळी पाचला कुणाबरोबर तरी स्वयंपाक. भाजी, दूध शनिवारीच आण. रविवारी संध्याकाळी घरात ब्रेडसुद्धा नाही, हे कळल्यावर मन अकारण खचतं.

नाताळ हा मोठा रविवार समज. २४ डिसेंबरला दुपारपासून दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला बंदच असतात, आणि वसतिगृह रिकामं होतं. पहिल्या सेमिस्टरमधला सर्वांत अवघड आठवडा हा. त्याची तजवीज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कर. मजल्यावर कोण-कोण राहणार आहे ते विचारून यादी कर. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कचेरीत विचार. अनेक शहरांत कॅथलिक आणि इव्हँजेलिकल विद्यार्थी-मंडळं नाताळच्या संध्याकाळी परदेशी मुलांना जेवायला बोलावतात, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

आता तिकीट. डिसेंबरात जाऊ नकोस असं माझं मत आहे. भाडं तेव्हा चढलेलं असतं, आणि दोन आठवड्यांनी परत आलीस की जानेवारीच्या अंधारात तीच घसरण पुन्हा सुरू होते, समोर परीक्षा घेऊन. तू परीक्षेनंतरचं, फेब्रुवारीअखेरचं किंवा मार्चचं तिकीट काढ. उन्हाळी सेमिस्टरची लेक्चर एप्रिलमध्ये सुरू होतात. आणि ते आत्ताच काढ, कारण परतीची तारीख ठरलेली असली की मधले आठवडे मोजता येतात. तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत बघ. ती बहुधा तीन ते सहा महिन्यांचीच असते, आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात येण्याआधी ती संपत असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी विचारून घे की मधल्या काळातल्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल का. सगळ्या कागदांवर येता येत नाही.

वहीत संध्याकाळ सुधारत नसेल, अन्न-झोप बिघडली असेल, किंवा घरी काही तातडीचं असेल, तर मात्र डिसेंबरात जा. वरचं मत तेव्हा लागू नाही.

अभ्यासाचा एक सापळा इथे आहे. आपल्याकडे युनिट टेस्ट, सबमिशन, हजेरी यांमुळे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तुला तुझी जागा दाखवतं. इथे बऱ्याच विषयांत फेब्रुवारीपर्यंत कुणी काही विचारत नाही. घरच्या आठवणीत नोव्हेंबर वाहून गेला तर ते कळतं थेट परीक्षेच्या तोंडावर. त्यामुळे दर शुक्रवारी प्रत्येक विषयाची त्या आठवड्याची सराव-पत्रिका सुटली का, एवढंच तपास. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि नाव मागे घ्यायलाही मुदत असते. दोन्ही तारखा तुझ्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत आहेत. त्या वाचून भिंतीवर लाव. अनेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात, म्हणून तयारी नसलेला विषय मुदतीत मागे घेणं शहाणपणाचं. चिपळूणच्या मुलानं चारांपैकी एक मागे घेतला आणि तीन पास झाला. पहिल्या सेमिस्टरला मी याला चांगला निकाल म्हणते.

बाबांना सांगायचं. कर्जामुळे मुलं ‘सगळं मस्त’ म्हणत राहतात आणि मग खोटं सांभाळण्याचा वेगळा थकवा येतो. शिवाय आईला आवाजावरून कळलेलंच असतं. ‘मला इथे राहवत नाही’ असं सांगितलंस तर बाबांना फक्त बँकेचा हप्ता दिसेल. त्याऐवजी सकाळच्या फोनवर, रडू नसताना सांग: ‘बाबा, संध्याकाळी मला घरची फार आठवण येते, रडू येतं. अभ्यास चालू आहे. मी त्यासाठी इथे एका बाईंशी बोलणार आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. मार्चमध्ये मी येतेय.’ त्रास काय, उपाय काय, पैसे किती, भेट कधी. वडील मंडळींना बहुधा याच चार गोष्टी हव्या असतात. नंतर ते फोन आईकडे देतील आणि आई रडेल. रडू दे.

साधी घरची ओढ आणि नैराश्य कसं ओळखायचं? ओढ असलेल्या माणसाचं मन व्हॉलीबॉल खेळताना, पोहे करताना तासभर तरी मोकळं होतं, घरचा विषय निघाला की तोंड उजळतं. नैराश्यात तो तास मिळत नाही आणि घरचा फोनही नकोसा होतो. दोन आठवडे जवळपास रोज असं असेल, पहाटे तीनला जाग येऊन झोप लागत नसेल, वजन उतरत असेल, आंघोळ राहून जात असेल, तर थांबू नकोस. माझ्या कामात दिसणारी आणखी एक खूण आहे: न उघडलेली पत्रं. जर्मनीत विमा कंपनी, कचेऱ्या, बँक सगळे कागदी पत्रं पाठवतात. टेबलावर पाकिटं साचायला लागली आणि त्यांच्याकडे बघवत नाही, असं झालं की मी ते गंभीर धरते. ती पाकिटं पहिल्या भेटीला पिशवीत घालून घेऊन जा, अशा गोष्टी आमच्याकडे नेहमी येतात.

जायचं कुठे, तर तुझ्या शहराच्या श्टुडिरेंडनवेर्कच्या मानसिक-सामाजिक समुपदेशनाकडे. वसतिगृह आणि मेन्झा, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ, चालवणारी तीच संस्था. बहुतेक ठिकाणी ते मोफत असतं, इंग्रजीत बोलता येतं, आणि तिथलं बोलणं गोपनीय राहतं. विद्यापीठाला, परदेशी नागरिक कार्यालयाला किंवा घरी काही कळवलं जात नाही. भेट मिळायला थोडे दिवस लागू शकतात, म्हणून आत्ताच ई-मेल कर. ई-मेलमध्ये दोन ओळी पुरतात: पहिलं सेमिस्टर, संध्याकाळी रडू येतं, इंग्रजीत बोलायचं आहे. उपचारांची गरज निघाली तर सरकारी आरोग्य विमा मानसोपचाराचा खर्च देतो, पण जागेसाठी महिने थांबावं लागतं. पहिल्या तपासणी-भेटीची वेळ 116117 या क्रमांकावरून मिळवता येते, आणि तोपर्यंत समुपदेशन चालू ठेवता येतं.

जगावंसं वाटत नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते, असे विचार आले तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. 112 ला फोन कर किंवा जवळच्या मनोरुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, तो रात्रीही उघडा असतो, आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवून कुणाला तरी बरोबर घे. 0800 1110111 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. तिथे बहुतेक वेळा जर्मन बोललं जातं, पण इंग्रजीत बोलू का असं विचारायला काही हरकत नाही. हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवून ठेव, तुझ्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या क्रमांकाबरोबर.